कुपनं किती छापली आणि पैसा किती आला: स्टेबलकॉइनचा एकूण सप्लाय कसा वाचायचा

(पुण्यातल्या एका छोट्या गुंतवणूकदार गटापुढे दिलेलं व्याख्यान. बोललेलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि चहाची मध्यंतरं काढून टाकली आहेत.)

तर सुरुवात एका मेसेजपासून करतो, कारण इथल्या निम्म्या लोकांनी तो मला कधी ना कधी फॉरवर्ड केलेलाच आहे. व्हेल अलर्ट नावाचा एक बॉट आहे, तो मोठे व्यवहार दिसले की पोस्ट टाकतो, आणि त्यातली सगळ्यात लाडकी पोस्ट म्हणजे `1,000,000,000 USDT minted at Tether Treasury`. यूएसडीटी म्हणजे टेदर कंपनीचा, एका डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन, असल्या कॉइननाच स्टेबलकॉइन म्हणतात, आणि मिंट म्हणजे नवे तयार करणं. एक अब्ज डॉलर, म्हणजे शंभर कोटी डॉलर. लगेच ग्रुपवर रॉकेटं उडतात, पैसा आला, आता बिटकॉइन पळणार. आणि दोन तासांनी बिटकॉइन जागच्या जागी, नाहीतर खालीच.

आता हा मेसेज खोटा नाहीये, पण त्याचा अर्थ आपण लावतो तो नाही. टेदर कंपनी कॉइन बनवते ते दोन टप्प्यांत. आधी एक मोठा गठ्ठा तयार करून स्वतःच्याच ट्रेझरीच्या पत्त्यावर ठेवते, त्याला त्यांच्या हिशोबात ऑथराइज्ड बट नॉट इश्यूड म्हणतात. म्हणजे कुपनं छापली, गल्ल्यात ठेवली, विकली नाहीत. मग एखादा गिऱ्हाईक डॉलर पाठवतो तेव्हा त्यातली तेवढी कुपनं बाहेर जातात. दर वेळी छापायचं झालं तर चाव्या काढा, सह्या करा, चार जणांना उठवा, म्हणून एकदम छापून ठेवतात. त्यामुळे बॉटच्या पोस्टवर उड्या मारणं म्हणजे प्रिंटिंग प्रेसच्या आवाजावरून धंदा किती झाला ते ठरवणं. मोजायचं असेल तर बाहेर गेलेली, म्हणजे लोकांच्या हातात असलेली कुपनं मोजायची. डिफिलामासारख्या साईटवर स्टेबलकॉइनचं जे एकूण सर्क्युलेटिंग दिसतं, ते साधारण हेच असतं.

कुपनाचं उदाहरण मी आज शेवटपर्यंत वापरणार आहे, कारण ते खरंच चपखल बसतं. खाऊगल्लीच्या जत्रेत आत शिरताना काउंटरवर पैसे देऊन कुपनं घ्यायची, आतल्या स्टॉलवर फक्त कुपनंच चालतात. तुम्ही शंभराचं कुपन देऊन मिसळ खाल्ली तर कुपन नाहीसं झालं का? नाही, ते मिसळवाल्याकडे गेलं. मिसळवाल्यानं त्यातून सोलकढी प्यायली, ते सोलकढीवालीकडे गेलं. जत्रेत एकूण कुपनं तेवढीच राहतात. कुपनं वाढतात फक्त काउंटरवर कुणी नवे पैसे दिले तर, आणि कमी होतात फक्त कुणी काउंटरवर कुपन परत देऊन पैसे घेऊन घरी गेला तर.

हे एवढं नीट डोक्यात बसलं की एक फार पसरलेला गैरसमज आपोआप जातो, तो म्हणजे स्टेबलकॉइन हा बाजाराबाहेर दबा धरून बसलेला पैसा आहे, तो कधीतरी बिटकॉइनमध्ये "जाईल" आणि संपेल. अहो जाणार कुठे? मी यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेतलं की विकणाऱ्याच्या हातात यूएसडीटी आलं. एकूण आकड्याला काहीच धक्का नाही. म्हणून एकूण साठा किती आहे यापेक्षा तो गेल्या तीस दिवसांत किती बदलला हे जास्त बोलकं आहे, कारण काउंटरवरून ये-जा झाली ती तिथेच दिसते. साठा म्हणजे आत फिरणारी कुपनं, बदल म्हणजे दारावरची वर्दळ.

आणि काउंटरवर जातो कोण, तेही बघा. तुम्ही आम्ही नाही. टेदरकडे थेट घ्यायला-परत करायला किमान एक लाख डॉलर लागतात, वर साधारण ०.१ टक्का फी, आणि कंपनीनं तुमची कागदपत्रं तपासून तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून घेतलेलं असावं लागतं. तिथे उभे असतात ते मोठे डीलर, मार्केट मेकर. ते काय करतात, एक्स्चेंजवर यूएसडीटीचा भाव १.००२ झाला की पाच कोटी डॉलर टेदरला पाठवतात, पाच कोटी यूएसडीटी घेतात, बाजारात विकतात. दोन-दशांश टक्के म्हणजे एक लाख डॉलर, त्यातून फी पन्नास हजार गेली, पन्नास हजार सुटले. भाव ०.९९८ झाला की उलटं, बाजारातून स्वस्तात उचलायचे आणि टेदरला परत द्यायचे, मात्र फी वजा जाऊन काही उरत असेल तरच. म्हणजे नवी कुपनं ट्रेझरीतून बाहेर जाणं याचा खरा अर्थ एवढाच की बाजारात कुणालातरी यूएसडीटी इतके हवे होते की ते डॉलरपेक्षा महाग झाले. का हवे होते, ते या आकड्यात लिहिलेलं नसतं. बिटकॉइन घ्यायला हवे होते की बिटकॉइन विकून सुटायला हवे होते?

मार्च २०२० आठवा. कोविडच्या घबराटीत १२ मार्चला बिटकॉइन एका दिवसात जवळपास निम्म्यावर आलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यूएसडीटीचा सप्लाय उलट भराभर वाढला. लोक विकून यूएसडीटीत पळत होते, त्याला भाव चढला, डीलरनी टेदरकडून नवे घेऊन पुरवले. इथे थोडं सावकाश जाऊया, कारण मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला. डीलरनं बँकेतून पाच कोटी डॉलर टेदरला दिले, यूएसडीटी मिळाले. ते त्यानं घाबरलेल्या माणसाला दिले, बदल्यात त्याचं बिटकॉइन घेतलं. मग ते बिटकॉइन त्यानं डॉलर चालणाऱ्या अमेरिकन एक्स्चेंजवर विकलं आणि स्वतःचे पाच कोटी डॉलर परत मिळवले. आता सांगा, क्रिप्टोत नवा पैसा किती आला? डीलर होता तिथेच आहे. जे डॉलर अमेरिकन एक्स्चेंजच्या बँक खात्यात कुणाचेतरी पडून होते ते फिरून टेदरच्या खात्यात गेले. आणि चार्टवर मात्र पाच कोटी "फ्रेश मनी" दिसला, कारण बँकेत पडलेले डॉलर या चार्टमध्ये मोजलेच जात नाहीत, कुपनं तेवढी मोजली जातात.

असे प्रकार सोडले तर मोठ्या लाटांमध्ये सप्लाय वाढला की भाव वाढतो, हा काटा बऱ्यापैकी चालला, हे पण मान्य करायला हवं. २०२० च्या सुरुवातीला सगळे स्टेबलकॉइन मिळून जेमतेम ५ अब्ज डॉलर होते, वर्षअखेर २८ च्या आसपास, २०२१ च्या अखेरीस १६५ च्या आसपास, आणि मे २०२२ च्या सुरुवातीला १८७ च्या आसपास शिखर. त्या काळात बिटकॉइन कुठून कुठे गेलं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणूनच लोकांना वाटायला लागलं की हा काटा म्हणजे देवाचा कौल आहे.

पण त्या १८७ मध्ये १८ अब्ज टेरा प्रकल्पाच्या यूएसटी नावाच्या कॉइनचे होते. ते काउंटरवर कुणी डॉलर देऊन घेतलेलेच नव्हते. लुना नावाचं टोकन जाळायचं आणि त्या दिवशीच्या भावानं तेवढ्या डॉलरचे यूएसटी तयार करायचे, असा तो खेळ. म्हणजे मिसळवाल्यानं स्वतःच्या दुकानाचे शेअर देऊन घरी कुपनं छापली आणि आयोजकांनी ती मोजणीत धरली. लुना महागली की यूएसटी वाढायचे, चार्टवर पैसा आल्यासारखं दिसायचं. मे २०२२ मध्ये दोन्ही काही दिवसांत मातीमोल झाले, आणि तेव्हा चार्टवर "१८ अब्ज बाहेर गेले" असं दिसलं तेही तितकंच चूक, जे आलेच नव्हते ते जातील कुठून. लोकांचं नुकसान झालं ते खरं, पण तो पैसा काउंटरवरून परत गेला नाही.

हे सगळं झालं प्रास्ताविक. मला आज खरं बोलायचंय ते २०२३ बद्दल. हा काटा त्या वर्षी स्पष्ट एका दिशेला होता आणि बाजार स्पष्ट दुसऱ्या.

१ जानेवारी २०२३ ला बिटकॉइन साडेसोळा हजार डॉलर. ३१ डिसेंबरला ४२ हजार. अडीच पट. त्याच काळात स्टेबलकॉइनचा एकूण सप्लाय १३७ अब्जांच्या आसपासवरून १३० च्या आसपास आला, मध्ये ऑक्टोबरमध्ये तर १२४ पर्यंत घसरला होता. म्हणजे काट्यावर विसंबून "पैसा येत नाही, लांब राहा" म्हणणारा माणूस संपूर्ण तेजी कट्ट्यावर बसून बघत राहिला. असा एक माणूस मी चांगला ओळखतो, रोज दाढी करताना आरशात दिसतो.

मग तेव्हा काय चुकलं? एकूण आकडा फोडून बघितला की कळतं. वर्षभरात यूएसडीटी ६६ अब्जांवरून जवळजवळ ९२ वर गेला, म्हणजे २५ ची वाढ. सर्कल कंपनीचा यूएसडीसी साडेचव्वेचाळीसवरून साडेचोवीसवर आला, २० ची घट. बायनान्स एक्स्चेंजच्या नावाचा, पण पॅक्सॉस कंपनीनं काढलेला बीयूएसडी साडेसोळाच्या आसपास होता तो वर्षअखेरीस एक अब्जाच्या आसपास उरला, साडेपंधरा गेले. बेरीज-वजाबाकी करा, उणे दहाच्या आसपास येतं, आणि छोट्यामोठ्या नव्या कॉइननी त्यातलं काही भरून काढलं. पण ही उणे दहा म्हणजे एक गोष्ट नाहीये, तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे.

पहिली, बीयूएसडी. १३ फेब्रुवारी २०२३ ला न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकानं पॅक्सॉसला सांगितलं, नवे बीयूएसडी काढायचे नाहीत. जुने परत घेता येतील, नवे नाहीत. म्हणजे ते दुकानच बंद करायला घेतलं. ज्यांच्याकडे बीयूएसडी होते त्यांच्यापुढे दोन रस्ते, डॉलर घेऊन बाहेर जा किंवा दुसऱ्या कॉइनमध्ये जा. बरेच जण यूएसडीटीत गेले. अशा बदलात पॅक्सॉसकडे कुपनं परत जातात, टेदरकडे नवी निघतात, एकूण आकडा तोच. खडकवासला साखळीसारखं समजा, पानशेतमधून पाणी सोडलं की खडकवासल्याची पातळी वाढते, म्हणून पाऊस पडला असं कुणी म्हणत नाही, पेपरवाले सुद्धा चारही धरणांचा मिळून साठा देतात. तेव्हा नुसता यूएसडीटीचा वाढलेला आकडा बघून २५ अब्ज नवे आले म्हणणारे जसे चूक, तसे नुसता बीयूएसडीचा घसरलेला आकडा बघून पैसा पळाला म्हणणारेही चूक.

दुसरी, यूएसडीसी आणि ती मार्चमधली शनिवार-रविवारची भानगड. १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, आणि सर्कल कंपनीनं सांगितलं की यूएसडीसीच्या राखीव पैशातले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकलेत. शनिवार, बँका बंद, काउंटर बंद. कुपन परत करायला खिडकीच उघडी नाही म्हटल्यावर बाजारात यूएसडीसी ८७-८८ सेंटपर्यंत पडला. सोमवारपर्यंत अमेरिकन सरकारनं ठेवीदारांचे सगळे पैसे मिळतील असं जाहीर केलं, भाव परत डॉलरला आला, पण ज्यांनी तो वीकेंड झोपेविना काढला त्यांनी सोमवारी पहिलं काम काय केलं असेल? परत केले. मार्चच्या सुरुवातीला ४३ अब्जांच्या आसपास असलेला यूएसडीसी काही आठवड्यांत तेहतीसवर आला आणि त्याच वेळी यूएसडीटी ७१ वरून ८० च्या घरात. पुन्हा पानशेत आणि खडकवासला. पण पूर्ण नाही, काही पैसा खरंच बाहेर गेला.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची आणि जिच्यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही, ती म्हणजे व्याज. मार्च २०२२ पर्यंत अमेरिकेत व्याजदर शून्याजवळ होता. तेव्हा यूएसडीसीमध्ये दहा कोटी डॉलर ठेवून बसलात काय आणि बँकेत ठेवलेत काय, सारखंच, उलट क्रिप्टोत उधारीवर दिले तर वर काहीतरी मिळायचं. जुलै २०२३ पर्यंत फेडनं दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. तीन महिन्यांच्या सरकारी ट्रेझरी बिलावर पाच टक्क्यांच्या वर मिळायला लागलं. म्हणजे दहा कोटी डॉलर स्टेबलकॉइनमध्ये ठेवणाऱ्याचं वर्षाला पन्नास लाख डॉलरचं नुकसान, काही न करता. ते व्याज जातं कुठे? कॉइन काढणाऱ्या कंपनीकडे, कारण तुमचे डॉलर घेऊन ती ट्रेझरी बिलंच विकत घेते. टेदरनं २०२३ साठी ६.२ अब्ज डॉलर नफा जाहीर केला, त्यात या व्याजाचा वाटा मोठा. तुम्ही कुपन खिशात घेऊन फिरताय आणि काउंटरवाला तुमच्या पैशावर एफडीचं व्याज खातोय.

मोठ्या फंडांना हे गणित लगेच कळतं. आणि यूएसडीसी बऱ्याच अमेरिकन संस्थांच्या हातात, त्यांना खिडकीपर्यंत जायला त्रास नाही, बँक खातं आहे, ट्रेझरी बिलं घेता येतात. म्हणून ते सगळ्यात आधी निघाले. यूएसडीटी मात्र आशियात, लॅटिन अमेरिकेत, तुर्कस्तानात, आफ्रिकेत जास्त, तिथल्या माणसाला साडेपाच टक्क्यांचं अमेरिकन सरकारी बिल घरबसल्या कोण देतंय, त्याला डॉलरसारखं काहीतरी हातात असणं हेच व्याज. एकाच वर्षात एक कॉइन निम्मा आणि दुसरा दीडपटीच्या जवळ, याचं मोठं कारण हे आहे असं माझं मत.

आता लक्षात घ्या, व्याजासाठी बाहेर गेलेला पैसा हा बिटकॉइनवरचा विश्वास उडाला म्हणून गेलेला नाही. तो बिटकॉइनमध्ये नव्हताच, तो आत नुसता पार्क करून ठेवलेला होता, पार्किंग महाग झालं म्हणून गाडी बाहेर काढली. काट्यानं मात्र दोन्ही एकाच खात्यात लिहिलं, पैसा बाहेर.

मग बिटकॉइन अडीच पट झालं ते कशावर, हा प्रश्न राहतोच. इथे सोसायटीतल्या फ्लॅटचं उदाहरण देतो. वीस फ्लॅटची सोसायटी, एक फ्लॅट साठ लाखांऐवजी ऐंशी लाखाला विकला गेला, लगेच वीसही जण आपलं घर ऐंशीचं धरतात. सोसायटीची किंमत कागदावर चार कोटींनी वाढली, पैसा आला एका खरेदीचा. २०२३ मध्ये बिटकॉइनचं एकूण मूल्य साधारण ५०० अब्ज डॉलरनी वाढलं, त्यासाठी ५०० अब्ज यावे लागत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाल्यावर ज्यांना विकायचं होतं ते बहुतेक विकून मोकळे झाले होते, विकणारा थकला की थोडी खरेदीही भाव वर नेते, आणि १५ जून २०२३ ला ब्लॅकरॉक या बड्या फंड कंपनीनं बिटकॉइन ईटीएफसाठी अर्ज केल्यावर आधीच आत असलेल्या लोकांनीच आपली कुपनं बिटकॉइनमध्ये बदलायला सुरुवात केली. कुपनं तेवढीच, किंबहुना थोडी कमी, फक्त हात जास्त वेगानं बदलले. सप्लाय मोजतो तो संख्या, वेग नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये काट्यानं तळ गाठला आणि वर वळला, तेव्हा बिटकॉइन २७-२८ हजारांवर होतं, म्हणजे जानेवारीपासून साठ टक्क्यांच्या वर चढून झालेलं. याला मी दिशादर्शक म्हणणार नाही. पैसा आला म्हणून भाव वाढला यापेक्षा भाव वाढला म्हणून पैसा आला, हे निदान त्या वर्षी जास्त खरं होतं. डाय नावाच्या स्टेबलकॉइनचं तर हे बांधकामातच आहे, ईथर महाग झालं की तेच ईथर तारण ठेवून जास्त डाय काढता येतात. तिथे भाव आधी, सप्लाय नंतर, आणि बाहेरून एक डॉलर न येता. शिवाय २०२२ मध्ये एक काळ असा होता की निम्म्याहून जास्त डायच्या मागे यूएसडीसीच ठेवलेला होता, म्हणजे एकच डॉलर एकदा यूएसडीसी म्हणून मोजला आणि पुन्हा डाय म्हणून. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी घसरला तेव्हा डायही त्याच्या मागोमाग गडगडला, ते उगाच नाही.

बरं, २०२४ पासून आणखी एक दार उघडलं. ११ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत स्पॉट बिटकॉइन ईटीएफचे व्यवहार सुरू झाले. तिथे गुंतवणूकदार ब्रोकरला डॉलर देतो, ते फंडाकडे जातात, फंड डॉलरमध्येच बिटकॉइन घेतो. स्टेबलकॉइन कुठे आलाच नाही. पहिल्या वर्षात असे ३५ अब्ज डॉलरच्या आसपास निव्वळ आले, आणि स्टेबलकॉइनच्या चार्टवर त्याचा एक ठिपकाही नाही. जत्रेला मागच्या बाजूला दुसरं गेट पडलं, तिथे रोख चालते, आणि आपण अजून पुढच्या काउंटरची कुपनं मोजतोय. म्हणून आता दोन्ही बेरजा शेजारी ठेवल्याशिवाय बोलू नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, काउंटरवर येणारा प्रत्येक जण मिसळ खायला येत नाही. २० जानेवारी २०२५ ला बिटकॉइन एक लाख नऊ हजारांवर गेलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला ७५ हजारांच्या आसपास पडलं. त्या अडीच-तीन महिन्यांत स्टेबलकॉइनचा सप्लाय घटला का? वाढला, साधारण वीस अब्जांनी. काही जण विकून डॉलर धरून बसले असतील, पण बराच पैसा असा आहे की ज्याचा बिटकॉइनशी संबंधच नाही. अर्जेंटिनातला माणूस पेसोवर विश्वास नाही म्हणून यूएसडीटी ठेवतो, नायजेरियातला व्यापारी चीनच्या पुरवठादाराला ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेनवरून पैसे पाठवतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जीनियस ॲक्ट नावाचा स्टेबलकॉइनचा कायदा झाला, आता पेमेंट कंपन्या पण उतरल्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकूण आकडा ३०० अब्जांच्या पार गेला, पण तो ३०० आणि २०२१ चे १६५ यांची तुलना करताना हे विसरायचं नाही की तेव्हा जवळपास सगळे जत्रेतच होते, आता निम्मे लोक कुपनं बाहेरच्या बाजारात भाजी घ्यायला वापरतात. निम्मे हा शब्द बोलण्यात आला, मोजलेला नाही, अंगावर येऊ नका.

त्या ३०० मध्ये एथेनाचा यूएसडीईही होता, तेव्हा १४ अब्जांच्या वर. त्याच्यामागे बरंचसं क्रिप्टोच ठेवलेलं असतं आणि तेवढ्याच रकमेचं फ्युचर्समध्ये शॉर्ट केलेलं असतं. लोक तेजीत उधारीवर खरेदीला धावतात तेव्हा त्या शॉर्टवर चांगला फंडिंग रेट, म्हणजे उधारीवर खरेदी करणाऱ्यांकडून येणारी रक्कम, मिळतो, म्हणून यूएसडीई वाढतो. म्हणजे तो वाढला तर नवा पैसा आला असं न वाचता, बाजारात उधारी वाढली असं वाचायचं. १० ऑक्टोबर २०२५ च्या पडझडीत बायनान्सवर तो ६५ सेंटपर्यंत गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत सप्लाय झपाट्यानं आटला. म्हणून मी स्वतः बघतो तेव्हा यूएसडीई, डाय असले बाजूला काढतो, फक्त डॉलर आणि ट्रेझरी बिलं पाठीशी असलेले ठेवतो, ब्रिज म्हणतात त्या सोयीतून एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर गेलेली नक्कल दोनदा मोजली नाही ना ते तपासतो, आणि मग त्याचा तीस दिवसांचा बदल कंपनीनिहाय मांडतो. यूएसडीटी वाढला आणि यूएसडीसी तेवढाच घटला तर मी पान उलटतो. दोन्ही वाढताहेत, बिलाचा व्याजदर फारसा हललेला नाही आणि ईटीएफमध्येही पैसा येतोय, तेव्हा मात्र काम सोडून बसतो. नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या निवडणुकीनंतर, असं झालं होतं, सप्लाय दोन महिन्यांत तीस अब्जांच्या आसपास वाढला आणि बिटकॉइननं पहिल्यांदा लाखाचा आकडा पाहिला. तिथेही भाव आणि सप्लाय बरोबरीनंच चालले, आधी इशारा मिळाला असं म्हणणार नाही.

आणि डॉलर पाठीशी आहेत हेही कुणाच्या शब्दावर घेतोय ते एकदा बघून ठेवा. अमेरिकेच्या कमोडिटी फ्युचर्स आयोगानं ऑक्टोबर २०२१ मध्ये टेदरला ४.१ कोटी डॉलर दंड केला, त्यांच्या आदेशात म्हटलंय की २०१६ ते २०१८ मधल्या २६ महिन्यांच्या नमुन्यात फक्त २७.६ टक्के दिवशी यूएसडीटीच्या मागे पुरेसा डॉलरचा साठा होता. म्हणजे २०१७ च्या तेजीतला सप्लायचा चार्ट "आलेला पैसा" म्हणून दाखवणाऱ्याला हा आदेश वाचायला द्यावा. आता राखीव निधीचे तिमाही अहवाल येतात, त्यात ट्रेझरी बिलं दिसतात, तेव्हापेक्षा परिस्थिती पुष्कळ वेगळी आहे.

प्रश्न घेऊया. हो, मागच्या रांगेतल्या ताई.

(प्रश्न: मी मागच्या आठवड्यात पी टू पी वर पन्नास हजार रुपयांचे यूएसडीटी घेतले. ते तुमच्या या आकड्यात आले का?)

नाही आले. तुमचे रुपये त्या विकणाऱ्याच्या बँक खात्यात गेले, त्याचे यूएसडीटी तुमच्या वॉलेटमध्ये आले, कुपनाचा मालक बदलला. तुमच्या दृष्टीनं तुम्ही क्रिप्टोत नवा पैसा घातलात, पण तो विकणारा तेवढाच बाहेर पडला ना. आता समजा तुमच्यासारखे हजारो जण एकाच आठवड्यात घ्यायला आले आणि विकणारे कमी पडले, तर काय होईल? बँकेत डॉलरचा जो भाव आहे त्याच्यापेक्षा इथे यूएसडीटी महाग होईल. आपल्याकडे तो फरक पुष्कळदा दिसतोच, एक टक्का टीडीएस आणि तीस टक्के टॅक्स लागल्यापासून विकणारेही बिचकतात. तो फरक पुरेसा मोठा झाला की बाहेरून कुणीतरी यूएसडीटी इकडे आणून विकेल, त्याच्याकडचे संपले की तो दुबईतल्या नाहीतर हाँगकाँगमधल्या मोठ्या डीलरकडे मागेल, आणि त्या डीलरकडचे संपत आले की तो टेदरला डॉलर पाठवेल. त्या दिवशी चार्ट हलेल. तोपर्यंत इथला चढा भाव उतरलेलाही असेल कदाचित. तेव्हा ताई, तुमचे पन्नास हजार शोधायचे असतील तर सप्लायच्या चार्टवर शोधू नका, त्या दिवशी तुम्ही बँकेच्या भावापेक्षा डॉलरमागे किती रुपये जास्त मोजलेत ते बघा. किती मोजलेत?

(उत्तर: चार रुपये.)

चार. बघा, म्हणजे रांग होती त्या दिवशी.